कागदावर साडेबारा, मीटरवर सतरा: एक मेगावॅटच्या गॅस सेटचा हिशेब

प्रश्न: चाकणला आमचा वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. दोन शिफ्ट, आठवड्याचे सहा दिवस. पाइप गॅसवर चालणारा १,००० किलोवॅटचा जनरेटर घ्यायचा विचार आहे, त्याच्यावर सरासरी ७०० किलोवॅट लोड राहील. गॅस करासकट ५० रुपये घनमीटर पडतो. विक्रेता म्हणतो युनिट साडेबारा रुपयांत पडेल. इंधन, ऑपरेटर, मेंटेनन्स आणि घसारा धरून खरा आकडा किती येतो?

उत्तर:

तुमच्या आकड्यांवर तो सतरा रुपयांच्या थोडा वर येतो. कर्जाचे किंवा स्वतःच्या पैशाचे व्याज धरले तर अठरा. विक्रेता खोटे बोलतोय असे मी म्हणणार नाही. त्याचा प्रत्येक आकडा कुठल्या तरी कॅटलॉगमध्ये छापलेला असतो, फक्त ते आकडे एकत्र कधीच घडत नाहीत.

पुण्यातल्या उद्योगांना हा हिशेब नवा नाही. २००६ साली शहर भारनियमनमुक्त ठेवण्यासाठी इथल्या कारखान्यांनी आपले स्वतःचे सेट चालवायचे आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून भरून काढायचा, अशी योजना झाली. तेव्हाही कळीचा मुद्दा हाच होता की कारखान्यातल्या सेटवर एक युनिट नक्की कितीला पडते. सेटची नुसती किंमत माहीत असून त्याचे उत्तर मिळत नाही.

इंधनापासून सुरुवात करू, कारण तुमच्या युनिटमधला ऐंशी टक्क्यांहून अधिक खर्च तिथे आहे आणि फरकही तिथेच सर्वांत जास्त पडतो.

विक्रेत्याने बहुधा असे केले असणार: कॅटलॉगमध्ये पूर्ण लोडवर इंजिनची कार्यक्षमता ४० टक्के. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे गॅसमधून २,१५० किलोकॅलरी घालाव्या लागतील. गॅसचा उष्मांक ९,४०० किलोकॅलरी प्रति घनमीटर. भागाकार केला की युनिटला ०.२२९ घनमीटर, म्हणजे ११ रुपये ४४ पैसे. त्यात मेंटेनन्सचा एक रुपया, झाले साडेबारा.

यातली पहिली गडबड उष्मांकाची आहे. गॅसला दोन उष्मांक असतात. जळताना तयार होणाऱ्या पाण्याच्या वाफेतली उष्णताही मोजली की स्थूल उष्मांक मिळतो, ती सोडून दिली की निव्वळ उष्मांक. नैसर्गिक गॅसमध्ये हायड्रोजन भरपूर, त्यामुळे वाफही भरपूर, आणि या दोन आकड्यांत साधारण दहा-अकरा टक्क्यांचे अंतर पडते. गॅस कंपनीच्या बिलावर आणि करारात सहसा स्थूल उष्मांक असतो. इंजिन बनवणारे मात्र कार्यक्षमता निव्वळ उष्मांकावर सांगतात, कारण वाफेतली ती उष्णता इंजिनच्या कामाची नसते, धुराड्यातून बाहेर जाते. एकाचा अंश आणि दुसऱ्याचा छेद घेतला की युनिटमागे सव्वा रुपया हवेत गायब होतो. निव्वळ उष्मांक ८,५०० धरा, पूर्ण लोडवरसुद्धा युनिटला ०.२५३ घनमीटर लागतील, म्हणजे १२ रुपये ६५ पैसे. नुसत्या इंधनातच विक्रेत्याचा पूर्ण आकडा ओलांडला गेला.

दुसरी गोष्ट लोडची. तुमचा सेट १,००० वर नाही, सरासरी ७०० वर चालणार आहे. कमी लोडवर इंजिनचे घर्षण, पंप, टर्बो यांचा खर्च तितक्या प्रमाणात उतरत नाही, म्हणून कार्यक्षमता घसरते. या आकाराच्या इंजिनला सत्तर टक्के लोडवर ३८ टक्के धरणे रास्त आहे. पन्नास टक्क्यांवर ती ३५ च्या आसपास येते. ३८ वर इंधन १३ रुपये ३१ पैसे होते.

तिसरी गोष्ट कॅटलॉगच्या तळाशी बारीक अक्षरात असते: इंधन खपावर अधिक ५ टक्के सूट. याचा अर्थ चाचणीत इंजिनने पाच टक्के जास्त गॅस खाल्ला तरी ते करारानुसार पास. नवे इंजिन कधी कधी त्याहून चांगले निघते. पण पुढे स्पार्क प्लगची झीज, इंटरकूलरवर बसणारी घाण, चाकणचा एप्रिल-मे आणि एअर फिल्टरवरची धूळ हे सगळे जमेस धरले तर वर्षभराच्या सरासरीला हे पाच टक्के धरलेच पाहिजेत. १३ रुपये ९८ पैसे.

आता चौथी, जी बहुतेक तक्त्यांत नसतेच. वरचे सगळे युनिट जनरेटरच्या टर्मिनलवर मोजलेले आहेत. रेडिएटरचे पंखे, पाण्याचे पंप, खोलीचे व्हेंटिलेशन, कंट्रोल पॅनेल, बॅटरी चार्जर ही मंडळी त्यातूनच आपला वाटा घेतात. तुमच्या सेटला ३० किलोवॅट समजा. हा वाटा लोडप्रमाणे फारसा कमी होत नाही, सेट ४०० वर असला तरी पंखे जवळपास तेवढेच खातात. ७०० मधून ३० गेले, कारखान्याला मिळाले ६७०. गॅसचा पैसा या ६७० वर वाटायचा. म्हणजे इंधनाचा खर्च युनिटला १४ रुपये ६० पैसे.

११ रुपये ४४ पैशांपासून इथवर आपण एकही नवा खर्च जोडलेला नाही, तोच गॅस नीट मोजला इतकेच. नैसर्गिक गॅस आणि डिझेल दोन्ही जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यामुळे गॅसवरच्या व्हॅटचे क्रेडिट जीएसटीत मिळत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२२ पासून तो १३.५ वरून ३ टक्क्यांवर आला, म्हणून आता तितका बोचत नाही. तुम्ही करासकट दर दिलात ते योग्यच केलेत. गॅसच्या करारात किमान उचलीची अट आहे का तेवढे बघा. दिवाळीच्या सुट्टीत किंवा ऑर्डर पडल्यावर न जाळलेल्या गॅसचे पैसे भरावे लागले तर ते याच युनिटवर बसतात.

बाकीचे खर्च वर्षाच्या युनिटांवर वाटायचे आहेत, म्हणून आधी युनिट ठरवू. ३०० दिवस, रोज १६ तास, म्हणजे ४,८०० तास. ६७० किलोवॅटने ३२.१६ लाख युनिट. पुढचे रुपयांचे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या हातात कोटेशन आली की ती घालून बघा, पद्धत बदलणार नाही.

मेंटेनन्समध्ये एक गोष्ट मनात पक्की धरायची: इंजिन तासांनी झिजते, युनिटांनी नाही. प्लग, तेल, व्हॉल्व्ह, हेड यांचे सगळे वेळापत्रक तासांत असते. म्हणून ‘युनिटला ८० पैसे मेंटेनन्स’ असे कुणी सांगितले की कुठल्या लोडवर, हे विचारायचे.

तेलाचे दोन भाग. इंजिन चालताना जळणारे तेल, युनिटला साधारण ०.३ ग्रॅम, वर्षाला हजार-अकराशे लिटर टॉपअप. आणि बदलायचे तेल. संप ३०० लिटरचा असेल आणि १,२०० तासांनी बदलले तर वर्षाला चार बदल, आणखी १,२०० लिटर. मिळून २,३०० लिटर, २५० रुपये भावाने पावणेसहा लाख. प्रत्येक वेळी तेलाचा नमुना लॅबला पाठवला तर बदलाचे अंतर वाढवता येते, आणि बेअरिंगचा धातू तेलात दिसू लागला तर क्रँकशाफ्ट वाचतो. प्लग, फिल्टर, कूलंट, सर्व्हिस इंजिनियरच्या भेटी यांना १४ लाख धरू.

खरा खड्डा ओव्हरहॉलचा आहे. या वर्गाच्या गॅस इंजिनला साधारण १५,००० तासांना सिलिंडर हेडचे काम येते, ३०,००० ला मोठे काम, ४५,००० ला पुन्हा हेड, आणि ६०,००० ला पूर्ण ओव्हरहॉल. तुमच्या ४,८०० तासांनी १५,००० चौथ्या वर्षात येतात आणि ३०,००० सातव्या वर्षात. तोवर मेंटेनन्स स्वस्त वाटतो, मालक खूश असतो, आणि सातव्या वर्षी नव्वद लाखांचे कोटेशन समोर आल्यावर सेट बंद करून कोपऱ्यात ठेवला जातो. हेडची दोन कामे २५-२५ लाख आणि मधले मोठे काम ९० लाख धरले तर एकूण १ कोटी ४० लाख. ते ६०,००० तासांवर वाटले की तासाला २३३ रुपये. सेट सुरू झाला त्या दिवसापासून ही रक्कम बाजूला काढायची, वर्षाला सव्वाअकरा लाख. तेल, नेहमीची देखभाल आणि ही तरतूद मिळून ३१ लाख, म्हणजे युनिटला ९६ पैसे.

६०,००० चे पूर्ण ओव्हरहॉल मी मुद्दाम धरले नाही. इंजिनचे आयुष्य तिथे संपते असे मानून आपण घसारा लावणार आहोत. ते ओव्हरहॉलही तरतुदीत घातले आणि घसाराही तिथवरच संपवला, तर एकच यंत्र दोनदा विकत घेतल्यासारखे होते.

माणसांचा खर्च लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही, पण तो लवचीक नाही. दोन शिफ्टला दोन ऑपरेटर, आणि रजा-आजारपणाला तिसरा. पीएफ, बोनस, रजा धरून माणशी महिना ३० हजार, वर्षाला १० लाख ८० हजार. इलेक्ट्रिकल सुपरवायझरच्या वेळेचा तिसरा हिस्सा, दोन लाख. एकूण ४० पैसे. ‘आमचा कॉम्प्रेसरवाला बघेल’ हे मी अनेक ठिकाणी ऐकतो. एकट्या सेटला चालेलही, पण ग्रिडबरोबर सिंक्रोनाइझ करून चालवायचा असेल तर रिले काय सांगतोय ते कळणारा माणूस पॅनेलजवळ हवाच. विमा, तपासणी, परवानग्या यांना चार लाख, म्हणजे १२ पैसे.

आता घसारा. इथे तुमचे सीए, तुमचा इंजिनियर आणि तुम्ही तिघे तीन वेगळे आकडे आणाल, आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर असाल. सेट, सिंक्रोनायझिंग पॅनेल, गॅस ट्रेन, धुराडे, पाया आणि खोली मिळून पाच कोटी धरू, शेवटी भंगाराचे आणि जुन्या बाजाराचे ५० लाख येतील. वाटायचे साडेचार कोटी.

कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट २ मध्ये गॅसवरच्या वीजनिर्मिती संयंत्राला ४० वर्षांचे आयुष्य दिले आहे. त्याने घसारा युनिटला ३५ पैसे येतो. आयकराच्या १५ टक्के घटत्या पद्धतीने पहिल्या वर्षी ७५ लाख, युनिटला २ रुपये ३३ पैसे, आणि पुढे दरवर्षी कमी. पहिला आकडा मोठ्या वीज केंद्रांकडे बघून ठरलेला, दुसरा कर वाचवण्यासाठीचा. तुमचे इंजिन यातले काहीच वाचत नाही. ते तास मोजते. साडेचार कोटी भागिले ६०,००० तास म्हणजे तासाला ७५० रुपये, वर्षाला ३६ लाख, युनिटला १ रुपया १२ पैसे. निर्णय घेण्यासाठी मी हाच धरतो. ताळेबंदात सीए म्हणतील तो असू द्या.

बेरीज: इंधन १४.६०, मेंटेनन्स ०.९६, माणसे ०.४०, विमा वगैरे ०.१२, घसारा १.१२. एकूण १७ रुपये २० पैसे. घसाऱ्यातून फक्त मुद्दल परत येते. गुंतलेल्या सरासरी पावणेतीन कोटींवर दहा टक्क्यांनी साडेसत्तावीस लाख व्याज होते, ते ८६ पैसे. ते धरून १८ रुपये ६ पैसे. स्वतः बनवून स्वतः वापरलेल्या विजेवरही महाराष्ट्रात वीज शुल्क लागते. ते मी वर धरलेले नाही. चालू अधिसूचनेतला दर शेवटी जोडा, आणि महावितरणच्या बिलाशी तुलना करताना तिकडचे शुल्कही तसेच जोडा.

एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. महावितरणच्या उच्चदाब बिलातली एकूण रक्कम भागिले युनिट हा दरही तुलनेला चालत नाही. सेट बसवला तरी तो ट्रिप झाल्यावर कारखाना चालायला हवा, म्हणून करारित मागणी तुम्ही बहुधा तेवढीच ठेवाल, आणि डिमांड चार्ज चालूच राहील. सेटमुळे वाचतात ते फक्त युनिटशी बांधलेले आकार. मागणी कमी करून घेतलीत आणि महिन्यात एकदाच अर्धा तास सेट बंद पडला, तर त्या एका अर्ध्या तासाचा दंड पूर्ण महिन्याच्या बिलात दिसतो. या तुलनेत, ५० रुपये दराच्या गॅसवर रोज सोळा तास सेट चालवणे चाकणला परवडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एक अपवाद आहे, त्याकडे लगेच येतो.

वीज गेलेली असताना प्रश्न वेगळा असतो. तेव्हा तुलना डिझेलशी. डिझेल सेट लिटरला साडेतीन युनिट देतो असे धरा, ९० रुपये लिटरने नुसते इंधनच पावणेसव्वीस रुपये होते. आणि आज रात्री सेट चालवायचा की नाही, या निर्णयात घसारा, पगार, व्याज धरायचेच नाहीत, ते सेट बंद ठेवला तरी लागणार आहेत. धरायचे ते इंधन आणि तासांची देखभाल, ओव्हरहॉलच्या तरतुदीसकट: १५ रुपये ५६ पैसे. घ्यायच्या वेळचा आकडा आणि चालवायच्या वेळचा आकडा वेगवेगळे ठेवा. मॅनेजर मंडळी १८ चा आकडा बघून घेतलेला गॅस सेट बंद ठेवतात आणि शेजारचा डिझेल सेट सुरू करतात, हे मी पाहिले आहे.

पण केवळ वीज जाण्यासाठी म्हणून घेतलात आणि वर्षाला २,००० तासच चालला, तर युनिट उरतात १३.४ लाख. पगार आणि विमा तेवढेच. ६०,००० तास व्हायला तीस वर्षे लागतील, तितके कुठलेही कंट्रोल पॅनेल टिकत नाही, म्हणून घसारा पंधरा वर्षांवर धरावा लागतो. एकूण १९ रुपयांवर जाते आणि व्याजासकट २१ च्या पुढे. लोड ५०० वर घसरला तर वेगळाच मार बसतो, नुसते इंधन १६ रुपये १४ पैसे होते, प्लगवर आणि हेडमध्ये काजळी धरते, आणि बहुतेक उत्पादक पन्नास टक्क्यांखाली सतत चालवू देत नाहीत.

आता तो अपवाद. तुमच्याकडे भाग धुण्याच्या किंवा फॉस्फेटिंगच्या गरम टाक्या असतील आणि त्या आज गॅसच्या बॉयलरवर चालत असतील, तर हिशेब बदलतो. इंजिनच्या जॅकेटचे पाणी ८५-९० अंशांवर बाहेर पडते आणि आत घातलेल्या उष्णतेचा साधारण पाचवा हिस्सा त्यात असतो. एका प्लेट हीट एक्स्चेंजरने तो टाकीत नेता येतो. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधला जेवढा गॅस त्याने वाचतो, त्याची किंमत युनिटला ३ रुपये ४३ पैसे भरते. मात्र ही उष्णता ज्या तासाला तयार होते त्याच तासाला वापरली गेली पाहिजे, नाहीतर रेडिएटर ती हवेत सोडून देणार. उन्हाळ्यात टाक्यांना कमी लागते, जेवणाच्या सुट्टीत लागत नाही. निम्मी वापरली गेली तर १ रुपया ७० पैसे धरा, म्हणजे सतराचे साडेपंधरा. टाक्यांचा रोजचा गॅस आधी महिनाभर मोजा, मग सेटचा आकार ठरवा. बऱ्याचदा उत्तर ५०० किलोवॅटचा, पण पूर्ण लोडवर चालणारा सेट असे निघते.

सेट लागल्यावर एकच आकडा रोज काढायला सांगा: गॅस मीटरचे घनमीटर भागिले कारखान्याकडे गेलेले युनिट. दोन्ही मीटर एकाच मिनिटाला वाचायचे, आणि गॅसचा आकडा दाब-तापमान दुरुस्ती झालेला घ्यायचा. वरच्या हिशेबाने तो ०.२९२ यायला हवा. ०.३१ झाला तर आधी त्या दिवसाचा सरासरी लोड बघा, लोड पडला असेल तर इंजिनचा दोष नाही. लोड तोच असेल तर सिलिंडरांचे एक्झॉस्ट तापमान ओळीने बघा. एकच थंड असेल तर तिथला प्लग, कॉइल किंवा व्हॉल्व्ह. सगळेच नेहमीपेक्षा गरम असतील तर एअर फिल्टर आणि इंटरकूलर.

आणि हाच आकडा खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्या. कार्यक्षमतेची टक्केवारी नको. ७० टक्के लोडवर, सेटचे स्वतःचे पंखे-पंप वजा करून, तुमच्या जागेवर, ४० अंशांच्या हवेत आणि पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर, बिलावर मोजल्या जाणाऱ्या गॅसचे इतके घनमीटर प्रति युनिट, आणि त्यावर अधिक ५ टक्क्यांची सूट नाही. चाचणी चार तासांची, तुमच्या मीटरवर, शेवटचा दहा टक्के हप्ता त्यानंतर. यावर सही करायला विक्रेता तयार असेल तर त्याने ०.२३ च्या जवळपासचा आकडा लिहून द्यावा आणि साडेबाराचा दावा सिद्ध करावा. तो ०.२९ लिहून देईल.